फिकट रेघांची पाचवी स्क्रीन

चष्म्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की काचेचं दार लागे, आणि त्या दारातून आत पाहिलं की आधी मावशींची पाठ दिसे. तोंड भिंतीकडे, खांद्यावर शाल, समोर दोन मॉनिटर. एकावर कुणीतरी हातानं काढलेल्या चित्राचा फोटो आणि दुसऱ्यावर मावशींचं लिहिणं. दिवसभर त्या एकीकडे बघत आणि दुसरीकडे लिहीत. नवा माणूस आला की त्याला वाटे, या बाई कुणाचं तरी उतरवून काढताहेत. तसं ते उतरवणंच होतं म्हणा, फक्त चित्राचं शब्दांत.

ते कार्यालय लोकांना मोबाइलवरची अॅप करून द्यायचं. ज्याला अॅप हवं तो माणूस मनात येईल तसं कागदावर काढायचा: हे पहिलं पान, इथे दाबलं की हे दुसरं. कधी वहीच्या कागदावर, कधी पाकिटाच्या पाठीवर. मग मोबाइलनं त्याचा फोटो काढून पाठवायचा, निम्मा अंधारात, निम्मा अंगठ्याखाली. त्या फोटोवरून किती स्क्रीन आहेत, कुठल्या स्क्रीनवर काय कुठे आहे, कुठलं बटण कुठे नेतं, हे सगळं मावशी सरळ शब्दांत लिहून काढत, आणि त्या लिहिण्यावरून प्रोग्रामर अॅप उभं करी.

चौकोनात फुली असली तर तो फोटो. नागमोडी रेघ म्हणजे मजकूर. एकाखाली एक तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू. एवढं तर कुणीही चार दिवसांत शिकतो. मावशींची पद्धत त्याच्या पुढची होती. आधी स्क्रीन मोजायच्या. मग एकेक घ्यायची आणि वरून खाली यायचं, डावीकडून उजवीकडे. घरात खोली, खोलीत कपाट, कपाटात खण, तसं पानात पट्टी, पट्टीत यादी, यादीत कार्ड, कार्डात फोटो. कशाच्या पोटात काय, हे आधी पक्कं करायचं. बाण असेल तर तो कुठून निघतो आणि कुठे टेकतो ते लिहायचं. आणि शेवटी एक वेगळा रकाना, ‘दिसत नाही’. जे कळलं नाही ते सगळं तिथे.

‘दिसतं ते लिहायचं, वाटतं ते नाही,’ हे त्यांचं ब्रीद. तरुणपणी त्या अंधशाळेत ध्वनिफिती भरायच्या. पुस्तकातली चित्रं मुलांसाठी बोलून सांगायच्या. एकदा चित्रातल्या बाईला त्यांनी ‘दुःखी’ म्हटलं, तर तिथल्या मुख्याध्यापकांनी फीत थांबवली होती. ‘बाईची मान खाली आहे एवढं सांगा. दुःख मुलांना स्वतः शोधू द्या.’

मावशींच्या आधी हे काम करणारा एक पोरगा होता. त्याची गोष्ट अजून निघते. गिऱ्हाइकाच्या कागदावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं होतं. पोरानं लिहिलं, ‘वर उजवीकडे मोठं गोल बटण.’ प्रोग्रामरनं ते केलं. गिऱ्हाईक बघून इतकं खूश झालं की त्यानं विचारलं, ‘हे तुम्हाला सुचलं कसं?’

ही गोष्ट रंगवून सांगायची ती पेन्सिल. ती तिथली चित्रकार. गिऱ्हाइकाला स्वतःला काढता येत नसलं की ती त्याच्याशी बोलून स्क्रीन काढून द्यायची. केसांत सदा एक पेन्सिल खोचलेली, आणि तीच शोधत टेबलाखाली वाकलेली, म्हणून पेन्सिल. पुढे तिनं तिथल्याच प्रोग्रामरशी लग्न केलं. ती कार्यालयात आधीची, तो नंतरचा, म्हणून तो सगळ्यांचा जावईबापू झाला. ‘या जावईबापू, बसा, पाय कुठे धुणार?’ असं म्हणून मावशी त्याला कळफलक पुढे करत, आणि तोही अंग फुगवून म्हणे, ‘मानपान नीट ठेवा, नाहीतर रुसून जाईन.’

पेन्सिल गेली ती अशी, की आजारी पडायलाही तिनं वेळ घेतला नाही. दुपारी डोकं दुखतं म्हणून खाली औषध आणायला उतरली. जिन्यात बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेली होती.

त्यानंतर तिच्या नवऱ्याला काय म्हणावं हे कुणाला कळेना. जावईबापू म्हणावं तर लेक कुठे आहे? मावशी त्याला नुसतं ‘अरे’ म्हणू लागल्या. तो मात्र पहिल्यासारखाच वेळेवर यायचा, आपल्या खुर्चीत बसायचा. शेजारचं पेन्सिलचं टेबल कार्यालयाच्या मालकीणबाईंनी आवरून घेतलं होतं. आवरणाऱ्या बाईनं रद्दी समजून कागदाचे सगळे गठ्ठे नेले. त्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्या मोकळ्या टेबलावर त्यानं फक्त आपला चाचणीचा मोबाइल ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

पेन्सिलचं शेवटचं काम घरी येणाऱ्या नर्सच्या संस्थेचं होतं. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठीचं अॅप. कागद गेला होता, पण गेली त्या सकाळी तिनं त्याचा फोटो काढून मावशींना पाठवून ठेवला होता. एकाच मोठ्या कागदावर सगळ्या स्क्रीन.

मावशींनी तो फोटो उघडला आणि बराच वेळ त्यांना एक अक्षर लिहिता आलं नाही. तिचा हात त्यांना पाठ होता. तिच्या बटणाचा उजवा वरचा कोपरा कधी पुरता जुळायचा नाही. एक फट राहायची, दार पुढे ओढायचं विसरल्यासारखी. इथेही प्रत्येक बटणाला ती फट होती. मावशींनी शाल ओढून घेतली आणि लिहायला सुरुवात केली.

‘स्क्रीन पहिली. वर पट्टी. पट्टीत डावीकडे मेनूच्या तीन रेघा, मधे शीर्षक. पट्टीखाली पूर्ण रुंदीची शोधायची जागा, तिच्या उजव्या टोकाला भिंग. त्याखाली यादी, एकाखाली एक तीन कार्डं. प्रत्येक कार्डात डावीकडे फुलीचा चौकोन, म्हणजे नर्सचा फोटो. उजवीकडे दोन नागमोडी रेघा, वरची जाड, म्हणजे नाव, खालची बारीक. कार्डाच्या मधोमधून बाण निघतो, तो दुसऱ्या स्क्रीनवर टेकतो. पानाच्या तळाशी, यादी सरकली तरी न सरकणारं, पूर्ण रुंदीचं बटण. त्यावर शब्द: तातडीची मदत. बटणातून बाण उजवीकडे जातो.’

दुसरी स्क्रीन नर्सची माहिती, तिसरी दिवस आणि वेळ ठरवायची, चौथी ‘तुमची नोंद झाली’ असं सांगणारी. चारही ठसठशीत.

पाचवी मात्र फिकट होती. कागदाच्या उजव्या कडेला, तातडीच्या बटणाचा बाण जिकडे जात होता तिकडे. रेघा अशा, की मॉनिटरकडे सरळ बघितलं तर दिसायच्या नाहीत आणि मान वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या. मावशींनी फोटो मोठा केला, लहान केला, उजेड कमीजास्त केला. वर पट्टी. पट्टीत उजव्या टोकाला बाणाचं टोक, तोंड उजवीकडे. खाली तीन ओळी. प्रत्येक ओळीत उजवीकडे एक रिकामा गोल, डावीकडे रेघा. तळाशी बटण. शब्द एकही वाचता येईना.

आणि तातडीच्या बटणाचा बाण तिथपर्यंत पोचतच नव्हता. बोटभर अलीकडे संपत होता.

मावशींनी लिहिलेलं पुसलं, परत लिहिलं. ज्या खोलीला दार नाही अशी खोली त्यांना बघवेना. पोरीनं काढायला घेतलं असेल आणि हात थांबला असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आलं तसंच बोटांतून उतरलं: ‘तातडीच्या मदतीचा बाण पाचव्या स्क्रीनकडे जातो.’ ‘दिसत नाही’ या रकान्यात त्यांनी फक्त पाचवीवरचे शब्द टाकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाटलेलं लिहिलं होतं, आणि ते इतकं थोडं होतं की त्यांचं त्यांनाही जाणवलं नाही.

पेन्सिलच्या नवऱ्यानं ते जसंच्या तसं बांधलं. चाचणी सुरू झाली, संस्थेनं काही घरांत अॅप देऊन बघितलं, आणि एका सकाळी संस्थेच्या बाईंचा फोन मालकीणबाईंवर आदळला. मालकीणबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“अहो, आमच्या एका आजींच्या नवऱ्याचा श्वास अडकला. त्यांनी तातडीची मदत दाबलं. तर काय आलं? तीन रिकामी वर्तुळं! त्या बिचाऱ्या प्रत्येक वर्तुळावर बोट दाबत बसल्या. परतही जाता येईना. शेजारी आला म्हणून निभावलं. हे काय केलंय तुम्ही?”

“आम्ही आजच बघतो,” मालकीणबाई म्हणाल्या. फोन ठेवून त्या त्याच्याकडे वळल्या. “ते बटण दाबलं की सरळ संस्थेला फोन लागू दे. ते पान काढून टाक.”

“नाही,” तो म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“तिनं काढलंय ते. तिथे काय यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सापडेल.”

“अरे, पण माणूस गुदमरला असता!”

“मला थोडे दिवस द्या.” तो मान वर न करता म्हणाला. “त्या दिवशी सकाळी निघताना ती म्हणाली होती, तुला एक गोष्ट दाखवायचीय. मी म्हटलं, आत्ता दाखव. तर म्हणाली, आत्ता नाही, संध्याकाळी.”

खाली चष्म्याच्या दुकानात काच घासायचं यंत्र घरघरत होतं.

मालकीणबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी मधला मार्ग म्हणून फोटो संगणकातल्या त्या नव्या यंत्राला दिला, जे स्वतःच चित्र बघून वर्णन लिहितं. यंत्रानं क्षणात लिहून दिलं. पाच स्क्रीन. पाचवीचं त्यानं नावही ठेवलं: ‘जवळच्या माणसांची यादी. वरचा बाण पुढे जाण्यासाठी.’

“बघा,” तो मावशींना म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. “तुम्हाला दिसली, यालाही दिसली. जवळची माणसं. पुढे जा. हेच दाखवणार होती ती.”

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. “शुक्रवारपर्यंत. त्यानंतर मी ते काम दुसऱ्याला देईन. तोवर संस्थेला सांगते, ते बटण वापरू नका म्हणून.”

मावशींना त्या आठवड्यात नीट झोप नव्हती. पेन्सिलच्या मोकळ्या टेबलावर तो मोबाइल पडलेला असायचा. अॅपमध्ये काही बदल केला की तो आपोआप उजळायचा, आणि त्यावर ती तीन रिकामी वर्तुळं यायची, चेहरे यायचे राहून गेल्यासारखी. मावशींची पाठ त्या टेबलाकडे असे, पण समोरच्या मॉनिटरच्या काचेत तो उजेड पडायचा. त्या लिहायच्या थांबत. उजेड मावळला की पुन्हा लिहीत. एकदा त्यांनी मागे वळून बघितलं तर तो त्या वर्तुळांवर बोट ठेवत होता, एकेकावर, हळूच, झोपलेल्या मुलाचा ताप बघावा तसा.

घरी मावशी आणि त्यांचे वडील, दोघंच. वडील सगळ्या गल्लीचे बाबा. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला, त्यातही काचेवर अक्षरं काढण्यात त्यांचा हातखंडा. म्हातारपणी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. ‘जन्मभर काच रंगवली,’ ते म्हणत, ‘शेवटी काचेनं माझ्याच डोळ्यांत ठिपका ठेवून हिशेब फेडला.’

संध्याकाळी मावशी आल्या की बाबा टेबलापाशी बसत आणि विचारत, “आज काय बघितलंस?” मग त्या दिवसभराच्या एखाद्या स्क्रीनचं वर्णन बोलून दाखवत आणि बाबा ते ऐकत ऐकत बोटानं टेबलावर काढत. बटण कुठे म्हणालीस? डावीकडे? हं. असा तो खेळ वर्षानुवर्षं चालला होता.

त्या आठवड्यात एके दिवशी मावशी आल्या त्या न बोलता खुर्चीत बसल्या.

“आज संप आहे वाटतं,” बाबा म्हणाले.

“बाबा, डोकं चढलंय.”

“मग उतरव इथे. टेबल रिकामंच आहे.”

नाइलाजानं मावशींनी पाचवी स्क्रीन सांगायला घेतली. ती त्यांनी बाबांना आजवर सांगितली नव्हती. का, ते त्यांनाच ठाऊक. “वर पट्टी. पट्टीत उजव्या टोकाला बाणाचं टोक, तोंड उजवीकडे.”

बाबांचं बोट टेबलावरून सरकलं.

“खाली तीन ओळी. प्रत्येकीत उजवीकडे गोल. डावीकडे दोन-दोन रेघा.”

“रेघा कशा? सारख्या?”

“नाही. लहानमोठ्या.”

“टोकं कुठे जुळतात?”

मावशींनी डोळे मिटून फोटो आठवला. “उजवीकडे. गोलाच्या बाजूला सगळ्या एका रेषेत सुरू होतात. डावीकडची टोकं मागेपुढे.”

बाबांचं बोट थांबलं. मग त्यांनी तीच ओळ परत काढली, आणि या वेळी हात झरझर चालला, उजवीकडून डावीकडे, न अडखळता. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“अगं, हा हात माझ्या ओळखीचा आहे.”

“म्हणजे?”

“दुकानाच्या आत उभं राहून काचेवर पाटी रंगवायची ती अशी. बाहेरच्याला सुलटी दिसावी म्हणून आतून उलटी. जन्म गेला माझा त्यात. पोरी, सुलटं लिहिणारा डावीकडे ओळ धरतो आणि उजवीकडे सोडतो. तुझी ही पोरगी उजवीकडे धरून डावीकडे सोडतेय. परत जायचा बाण तरी उजवीकडे कोण काढतं? तू हे मागून बघते आहेस.”

“कागद मागून कसा दिसेल, बाबा? फोटो आहे तो.”

“कागद कुठे ठेवून काढलाय?”

मावशींनी डोळे उघडले. आजवर त्यांनी फोटोतल्या कागदावरचं प्रत्येक टिंब वाचलं होतं. कागदाच्या बाहेर काय आहे ते मात्र कधी वाचलं नव्हतं.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी कार्यालयात पोचल्या. फोटो उघडला. कागदाच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे. कागदाच्या कडेबाहेर एक उजळ राखाडी पट्टा, आणि त्या पट्ट्यात समोरच्या इमारतीची गच्ची, तिच्यावरची पाण्याची टाकी. पेन्सिलनं कागद खिडकीच्या काचेला चिकटवून फोटो काढला होता. मोठा कागद टेबलावर मावला नसेल. उजेड मागून येत होता. पाठीवरचं त्यातून झिरपलं होतं.

त्यांनी फोटो उलटा केला, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, आणि काळा-पांढरा करून गडद केला. चार ठसठशीत स्क्रीन उलट्या झाल्या आणि पाचवी सुलटी होऊन समोर आली. डावीकडे परत जायचा बाण. डावीकडे गोल, उजवीकडे रेघा. तळाच्या बटणाला उजव्या वरच्या कोपऱ्यात तीच फट. आता शब्दही वाचता येत होता: ‘कपडे परत हवेत’. मागच्या वर्षीचं धोब्याचं अॅप. ते गोल कपड्यांचे होते. सदरा, चादर, पडदा. गिऱ्हाइकानं ती स्क्रीन नको म्हटलं होतं, आणि पेन्सिलनं तो कागद पाठकोरा म्हणून ठेवून घेतला होता. कागद वाया घालवायची नाही ती.

कळलेलं पोटात ठेवणं सोपं होतं. शुक्रवार आला की मालकीणबाई ते पान काढून टाकणारच. तो हळहळेल, पण मनात एक जागा तरी राहील. धोब्याचं पान दाखवून ती जागाही काढून घ्यायची कशाला? पण मग मावशींना त्या आजी दिसू लागल्या, रिकाम्या वर्तुळावर बोट दाबणाऱ्या. आणि तो दिसला, तेच करणारा. त्या दोघांनाही तिथे मावशींनीच नेऊन उभं केलं होतं, एका बोटभर बाणानं.

तो आला, पिशवी खाली ठेवली. मावशींनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“अरे, जरा इथे बस.”

“बोला ना.”

“तातडीच्या मदतीचा बाण पाचवीपर्यंत जात नाही. मी जोडला तो.”

“म्हणजे?”

“मला वाटलं, म्हणून लिहिलं. दिसलं नव्हतं.” त्यांनी मूळ फोटो उघडला. “आणि पाचवी स्क्रीन या बाजूची नाहीच. कागदाच्या पाठीवरची आहे.”

त्यांनी चिकटपट्टी दाखवली, गच्ची दाखवली. त्यानं मान हलवली, पहिल्यांदा हळू, मग जोरात. “यंत्रानं पण पाचच सांगितल्या.”

“त्याला फिकट रेघा दिसल्या, मला दिसल्या. रेघा खोट्या नाहीतच. फक्त ते यंत्र आणि मी, आम्ही दोघंही एकाच बाजूनं बघत होतो.”

“दाखवा.”

मावशींनी उलटा केलेला फोटो उघडला. त्यानं बघितलं, आणि लगेच तोंड फिरवलं. “तुम्ही वाचा,” तो म्हणाला. “मी नाही बघत. तुम्ही वाचा, नेहमी वाचता तसं.”

मावशींनी वाचलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पट्टी, परत जायचा बाण, तीन ओळी, प्रत्येकीत डावीकडे गोल आणि गोलात, आता दिसतं, अगदी बारीक काढलेला सदरा, घडीची चादर, पडदा. तळाशी बटण, उजव्या वरच्या कोपऱ्यात फट. त्यावर शब्द: कपडे परत हवेत. वाचताना त्यांनी कुठेही आवाज हलू दिला नाही.

तो पाठमोरा ऐकत होता. कपड्यांपाशी त्याच्या नाकातून हसल्यासारखा आवाज निघाला. “त्या सदऱ्यावरून भांडलो होतो आम्ही,” तो म्हणाला. “मी म्हटलं, हा सदरा नाही, हे विमान दिसतंय.”

“विमानच दिसतंय,” मावशी म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं.

“मावशी, मग ती काय दाखवणार होती?”

इतकी वर्षं हा रकाना त्यांनी हजारदा भरला होता, आणि कधी तो भरताना त्यांना इतकं जड वाटलं नव्हतं.

“दिसत नाही, बाळा.”

त्यानं मान डोलावली. जाऊन आपल्या खुर्चीत बसला. दिवसभर तो कुणाशी बोलला नाही, मावशींशी तर नाहीच. चहा समोर आला तो तसाच निवला. मावशींनी वर्णन पुन्हा लिहिलं. चार स्क्रीन. ‘तातडीच्या मदतीचा बाण उजवीकडे जातो आणि कागदावर कुठेही न टेकता संपतो. पुढे काय, ते दिसत नाही. संस्थेला विचारावं.’ मालकीणबाईंनी संस्थेला विचारलं, आणि तिथून पलीकडच्या बाई म्हणाल्या, “यात विचारायचं काय? दाबलं की आमच्याकडे फोन वाजू दे. इथे चोवीस तास माणूस बसलेलं असतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मावशींच्या मागे येऊन घसा साफ केला. हातात तो चाचणीचा मोबाइल होता.

“केलंय. तुमच्यासमोर बघू, बरोबर झालंय का.”

पहिली स्क्रीन होती. फोटोंची यादी, आणि तळाशी ते बटण. त्यानं ते दाबलं. वर्तुळं आली नाहीत. रिंग वाजू लागली, आणि दुसऱ्या रिंगलाच कुणी उचललं.

“बोला, कुणाला काय होतंय?” कुण्या बाईचा आवाज, थकलेला, पण कान देऊन बसलेला.

त्यानं तोंड उघडलं. शब्द फुटेना.

“हॅलो? घाबरू नका. कुणी बोलू शकतंय का तिथे?”

मावशींनी फोन घ्यायला हात पुढे केला, ‘चाचणी आहे हो’ असं त्यांच्या ओठांवर आलंही होतं. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हात मागे घेतला.

“चाचणी आहे,” तो शेवटी म्हणाला. “बटण लागतंय का ते बघत होतो.”

“लागलं की. बरं झालं. ठेवू मग?”

त्याचा अंगठा फोन तोडायच्या लाल गोलावर होता. तो तिथेच राहिला.

“एक मिनिट थांबाल का?” तो म्हणाला.

“थांबते की,” बाई म्हणाल्या. त्या काही विचारत नव्हत्या. त्यांच्या पाठीमागे कुठेतरी दुसरा फोन वाजत होता, कुणीतरी तो उचलत होतं. तो मोबाइल कानाला लावून उभा राहिला, आणि मावशी आपल्या कामाकडे वळल्या.